दोरवालीचं आवतन

पोळा आला की आमच्या बाजाराच्या ग्रुपवर एकच बैल येतो. पांढरा, उंच, शिंगं तलवारीसारखी मागे वळलेली. असला बैल आरमोरीत कोणाच्या बापाने पाहिला नाही. आमच्याकडचे बैल बुटके असतात, चिखलात पोटापर्यंत जाऊन बाहेर येणारे. पण ग्रुपवर तोच तो पांढरा. मेडिकलवाला त्याच्या शेजारी आपला फोटो चिकटवून टाकतो, मोबाइलवाला टाकतो, सोनार टाकतो, डेंटिस्ट टाकतो. फोनमध्ये एक ॲप आहे. चौकट तयार, बैल तयार, मजकूर तयार. आपलं तोंड आणि दुकानाचं नाव तेवढं बसवायचं. 'कृषिसंस्कृतीचा मानबिंदू असलेल्या बळीराजाच्या सख्याला त्रिवार वंदन.' त्रिवार वंदन करणाऱ्या सोनाराच्या घरी गोठा नाही, आणि बैलाचं शेण दुकानासमोर पडलं तर तो बैलवाल्याची आई-बहीण काढतो.

मी रिना रामटेके. बाजारात मला सगळे दोरवाली म्हणतात. बापाने दोराचं दुकान काढलं, बाप गेल्यावर मी चालवते. वेसण, कासरा, दावं, मोरकी, घुंगरमाळ, झूल, बाशिंग, शिंगांचा रंग. वेसणी मी स्वतः वळते, सुताच्या. नायलॉनची वेसण बैलाचं नाक कापते, म्हणून मी ती ठेवत नाही. लोक म्हणतात, नायलॉन टिकते. टिकते ना. नाक टिकत नाही.

मीसुद्धा दरसाल काहीतरी टाकावं असं लोक म्हणत. 'रिनाताई, तुह्यं तर सीझनच आहे, तू काऊन नाई टाकत?' मला त्या पांढऱ्या बैलाशेजारी उभं राहायचं नव्हतं. यंदा टाकलं. त्याचीच ही गोष्ट.

लहानूभाऊ जंगलाकाठच्या टोल्यावर, लहानशा वस्तीत राहतात. दोन बांध्या धानाच्या, एक बैलजोडी, घरी रुखमाबाई. पोळ्याच्या आधी ते दरसाल दुकानी येतात आणि दोन वेसणी नेतात. एक बाज्याची, एक कोसऱ्याची. कोसऱ्याचा रंग कोशासारखा, पिवळट राखी, म्हणून कोसऱ्या. मी दोन्ही बैलांना ओळखत होते. बाजारच्या दिवशी लहानूभाऊ खासर, म्हणजे बैलगाडी, दुकानासमोर सोडत, तेव्हा कोसऱ्या माझ्या ओट्यावर ठेवलेला सुताचा गुंडा चाटून ओला करून ठेवायचा. शिव्या देऊन देऊन थकले, पण त्याला सुताची गोडी होती.

यंदा लहानूभाऊ खांदशेकणीच्या आदल्या दिवशी आले. ओट्यावर बसले. मी सवयीने दोन वेसणी काढून समोर ठेवल्या.

त्यांनी एक उचलली.

'एकच द्या बाई.'

'काऊन भाऊ?'

'कोसऱ्या गेला. रोवणी झाली अन् चाराले सोडला होता. वाघानं नेला.'

  आमच्याकडे ही बातमी नवी नसते. पण तिला नाव असलं की ती नवी होते.

'बाज्या?' मी विचारलं.

'बाज्या आहे. पण जुवाची एक बाजू रिकामी पाहून उभा राह्यते तिथीच. रुखमा म्हनते, त्याले हाकलू नोको, पाहू दे.'

दुसरी वेसण तशीच पडली होती. मी ती उचलून खुंटीवर टांगली. लहानूभाऊंनी पाहिलं.

'ते कोणाले द्याची?'

'कोणाले नाई. कोसऱ्याची आहे.'

ते हसले. दात कमी झालेत त्यांचे. 'तुह्यं सूत चाटाचा ना तो.'

'चाटाचा. माह्या शिव्याही खाचा.'

मग मीच म्हटलं, भाऊ, यंदा पोळ्याच्या शुभेच्छा टाकाव्या म्हणते, फोनवर. त्यात कोसऱ्याचं नाव घेऊ का? तुमचंही?

त्यांनी विचार केला. घाई नाही केली. 'घे. पण रडगाणं नोको करू. अन् वाघाले शिवी नोको देऊ, जंगल त्याचंही आहे. अन् कोणाच्या धंद्याचं नोको करू.'

'माहं तर दुकानच आहे भाऊ.'

'तुह्यं चालते. तू त्याची वेसण वळली.'

त्यांच्यासमोरच मी फोनवर लिहिलं आणि वाचून दाखवलं.

'लहानूभाऊ दरसाल माझ्याकडून दोन वेसणी नेतात. बाज्याची अन् कोसऱ्याची. यंदा एकच नेली. दुसरी माझ्या दुकानात खुंटीवर आहे, ती विकायची नाही. आपल्या सगळ्या बैलांनो, अन् ज्यांच्या बाजूची जागा यंदा खाली आहे त्या बैलांनो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. रिना, दोरवाली.'

खाली खुंटीचा फोटो. एक वेसण, मागे भिंतीचा उडालेला रंग, कोपऱ्यात बाबासाहेबांच्या तसबिरीची कड.

लहानूभाऊंनी ऐकलं. 'उद्या टाक,' म्हणाले. 'आज आवतनाचा दिवस नाई.'

'मले माहीत आहे भाऊ. पहाटेच टाकते.'

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोललेला असतो. त्या दिवशी हळद-लोणी चोळून तो शेकतात. शेकताना बैलाला आमंत्रण देतात, त्याला आवतन म्हणतात. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. म्हणजे उद्या पोळा, उद्या तुझ्या पुढ्यात पुरणाची पोळी, उद्या तुझ्या मानेवर जू नाही. हे वाक्य त्या एका संध्याकाळचं आहे. दुसऱ्या कोणत्याच दिवशी त्याला अर्थ नाही. आमच्या बौद्ध घरातही बैल होता, आणि माझा बाप देवधर्म मानत नसे, तरी त्याच्या खांद्याला लोणी चोळायचा. खांदा कोणत्या धर्माचा असतो? सोलला की दुखतो.

खांदशेकणीच्या पहाटे मी स्टेटस ठेवलं आणि बाजाराच्या ग्रुपवरही टाकलं. दुकान उघडेपर्यंत फोन थांबेना. पण नेहमीचे पिवळे जोडलेले हात, फुलं अन् ठेंगे नव्हते ते. लोकांनी नावं लिहिली होती. आमचा चिमण्या, लम्पीत गेला. आमचा लाखा, म्हातारा होऊन गेला, अजून दावणीची जागा कोणाला देली नाई. एका मास्तरणीने लिहिलं, आमच्या बाबांचा रतन विकला होता माझ्या लग्नात, त्याचं नाव आज पहिल्यांदा लिहिते. गोंडपिपरीहून कोणी चैतू म्हणून होता, त्याने नुसतं 'मोत्या' लिहिलं, बाकी काही नाही. दिवसभर गिऱ्हाईक येत होतं आणि आधी खुंटीकडे बघत होतं. कोणी विचारलं नाही की केवढ्याला.

मी त्या दिवशी खूश होते. खोटं कशाला बोलू.

पोळ्याच्या दिवशी सकाळी ग्रुप उघडला आणि तोच पांढरा बैल समोर. या वेळी त्याच्या मागे वाघ होता. कॉम्प्युटरने काढलेला वाघ, दात पांढरेशुभ्र, टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारखे. बाजूला श्रीहरीभाऊ, हात जोडून. श्रीहरीभाऊंची वडसा रोडवर ट्रॅक्टरची एजन्सी आहे. बाजाराच्या ग्रुपचे ॲडमिनही तेच. चित्राखाली मजकूर:

'आरमोरी तालुक्यातील शेतकरी लहानू यांनी यंदा एकच वेसण नेली, कारण त्यांच्या कोसऱ्याला वाघाने नेले. आपल्या सर्व बैलांनो, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. शेतकरी बंधूंनो, वाघ ट्रॅक्टर खात नाही. पोळ्यानिमित्त विशेष बुकिंग सुरू.'

मी तो मजकूर पुन्हा वाचला. मग पुन्हा. 'जेवाले'चं 'जेवायला' केलं होतं, शुद्ध करून. लहानूभाऊंमधला 'भाऊ' काढून टाकला होता. माझं नाव काढलं होतं. आणि शेवटी ते वाक्य. वाघ ट्रॅक्टर खात नाही. कोणीतरी बसून हे सुचवलं असेल. सुचल्यावर स्वतःवर खूश झालं असेल. चहा मागवला असेल.

मी ग्रुपवर लिहिलं, 'हे माझं आहे. मी काल पहाटे टाकलं होतं. लहानूभाऊंना विचारून टाकलं होतं. तुम्ही कोणाला विचारलं?'

उत्तर प्रफुलचं आलं. प्रफुल एजन्सीत बॅनर, पोस्ट, फेसबुक सगळं बघतो. 'ताई, हा फॉरवर्ड आहे. सगळीकडे फिरून राह्यला. तुम्हीपण तिथूनच घेतला असेल. शुभेच्छांवर कोणाचा हक्क नसते.' पुढे हसरं तोंड. त्याखाली अजून एक ओळ: 'अन् तुमच्यात पोळा असते का तसाही?'

मी माझा कालचा मेसेज शोधायला वर गेले. तिथे राखाडी अक्षरात एवढंच होतं, ॲडमिनने हा मेसेज डिलीट केला. स्टेटस पहाटेच उडालं होतं, चोवीस तासांचंच असतं ते. म्हणजे ज्याने चोरी केली त्याचाच हात कुलपावर. माझ्या फोनच्या स्टेटसच्या संग्रहात ते असेल, खुंटीचा फोटोही असेल, पण फोटोवर वेळ दाखवत बसायची लाज वाटली. आपल्याच शब्दांची पावती दाखवायची? कोणाला?

मी फोनवर बोटं धरून काय लिहायचं ते ठरवत होते तेवढ्यात लहानूभाऊ ओट्यावर आले. बसले नाहीत. त्यांच्या मागे रुखमाबाई, पदर कमरेला खोचलेला. टोल्यावरून पोळ्याच्या सकाळी कोणी बाजारात येत नाही. त्या वेळी बैल धुवायचे असतात.

लहानूभाऊंनी परवा नेलेली वेसण माझ्यापुढे ठेवली. घडीही मोडली नव्हती.

'ही ठेव.'

'भाऊ...'

'सुनिलनं, रुखमाच्या भाच्यानं, दाखोलं फोनात. माहा मेला बैल अन् ट्रॅक्टर. मी तुले काय सांगतलं होतं?'

'मी नाई देलं त्यायले.'

'मंग कुठून गेलं? मी तुले सांगतलं, तू लिवलं, तिसरं कोणी नव्हतं इथी.'

'त्यायनं उचललं. माह्या शब्दातून उचललं.'

रुखमाबाई बोलल्या. त्या रागाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. 'बाई, मी त्या बैलाचं आतडं पाह्यलं. रानात. आता माह्या भाच्याच्या फोनात त्याच्या नावावर बुकिंग सुरू आहे म्हनते. मले एवढंच सांग, तुले काय मिळालं?'

 काही मिळालं नाही हे सांगायला तोंड उघडलं आणि जाणवलं की कालचा सगळा दिवस मी खूश होते. ती खुशी मिळालीच होती मला. तिचा आता त्यांच्यासमोर हिशेब काय देणार.

'बाज्या जुन्या वेसणीनंच जाईन तोरणाखाली,' लहानूभाऊ म्हणाले. 'जुनी तुटली तर बिनवेसणीचा जाईन.'

दोघं निघून गेले. वेसण तिथेच.

मला राग आला तो श्रीहरीभाऊंचा तर आलाच. पण त्याहून जास्त त्या निर्लज्जपणाचा आला. हे लोक काय समजतात? शब्द रस्त्यावर पडलेले असतात, वाकून उचलायचे? लहानूभाऊंनी विचार करून, अटी घालून नाव दिलं होतं. एका बैलाचं नाव. त्या नावाची किंमत यांना एवढीच कळली की ते चालतंय, लोक थांबून वाचतात, तर त्याच्या शेपटीला आपला ट्रॅक्टर बांधू. आणि वर मलाच म्हणायचं, तुम्हीपण तिथूनच घेतलं असेल. चोर घरात घुसून घरमालकालाच विचारतो, तू इथे काय करतोस.

दुपारी दुकान बंद केलं. पोळ्याच्या दिवशी दोरवालीने दुकान बंद करायचं म्हणजे गिऱ्हाईक शिव्याच देणार, देऊ दे. ती वेसण मुठीत घेतली आणि पोळा भरतो त्या मैदानात गेले.

मैदानात दोन बाजूंनी खांब, मधे आंब्याच्या पानांचं तोरण. तोरणाखाली बैलांची रांग. शिंगं रंगवलेली, गोंडे, झुली. कोणाचा बैल आत शिरायला बघतोय, कोणी शेपूट पिळतोय, धुरळा. आणि तोरणाच्या मागे, जिथे प्रत्येक बैलाची नजर जाणार तिथे, फ्लेक्स. रात्रीतून छापून आणलेला. पांढरा बैल, दात दाखवणारा वाघ, हात जोडलेले श्रीहरीभाऊ. खाली तेच. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.

बाया पोळ्याच्या मैदानात कडेला उभ्या राहतात. मी कडेला थांबले नाही. प्रफुल खांबापाशी फोनवर व्हिडिओ काढत होता.

'प्रफुल, आज काय आहे?'

'पोळा आहे ताई. भांडाचं असन तर ग्रुपवर भांडा, इथी नोका.'

'भांडत नाई. विचारून राह्यली. त्या फ्लेक्सवर काय लिवलं, वाच.'

'तुम्ही वाचा. तुम्हालेच पाठ आहे.'

'वाच ना. माहं नाई म्हणतोस, मंग तुलेच वाचता येईन.'

बाजूला दादाजी उभे होते. दादाजी म्हणजे पोळ्याचा मान सांभाळणारे म्हातारे. तोरण कधी तोडायचं, कोणाची जोडी पुढे, हे त्यांच्या शब्दावर. डोळ्याने कमी दिसतं, म्हणून ते फ्लेक्सच्या जवळ गेले आणि मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचू लागले.

'आ-ज आ-व-त-न घ्या.' थांबले. 'उद्या जे-वा-य-ला या.'

मग वळले.

'उद्या?'

रांगेतला एक जण हसला. दुसरा म्हणाला, 'मंग आज का उपाशी ठेवता का बे?'

'आवतन कालचं असते,' दादाजी म्हणाले. 'खांद शेकाच्या टायमाचं. आज तर जेवण आहे. श्रीहरी, हे कोणं लिवलं?'

श्रीहरीभाऊ खुर्चीवर होते, प्रमुख पाहुण्यांच्या. गळ्यात हार. ते हसले. 'दादाजी, भावना महत्त्वाची. तारखेचं काय एवढं.'

'तारखेचं नाई,' दादाजी म्हणाले. 'तुह्या बापानं या मैदानात जोडी आणली होती. तुह्याच घरी खांद शेकत होते, मी पाह्यलं आहे. तू इसरला, इसर. पण पाटी तर नोको लावू इसरल्याची.'

आता लोक जमले. हसत होते, बैल सांभाळत हसत होते. मला कोणाच्या हसण्यात रस नव्हता. मी रांगेत लहानूभाऊंना शोधत होते. ते शेवटी उभे होते. जोडीची रांग आणि त्यात एकटा बाज्या. नाकात जुनी वेसण, काळवंडलेली. दुसऱ्या बाजूला जागा मोकळी सोडली होती, तिथे कोणी शिरलं की लहानूभाऊ हाताने बाजूला करत होते.

त्यांनी ऐकलं होतं. पाहात होते फ्लेक्सकडे, माझ्याकडे नाही. ओठ हलत होते, जणू वाचता न येणारा माणूस ऐकलेलं पुन्हा मनात म्हणून बघतो तसे.

मग ते म्हणाले, बाजूच्याला, पण मला ऐकू येईल असं, 'हे दोरवालीनं देलं नाई.'

'कशावरून?'

'देलं असतं तर दिवस सांगून देलं असतं. तिनं माह्यासमोर म्हटलं, पहाटेच टाकते. तिले माहीत होतं.' ते थुंकले. 'ज्यानं उचललं त्याले माहीत नव्हतं.'

मी पुढे झाले तशी प्रफुल मध्ये आला. 'ताई, चूक झाली, दुरुस्त करून टाकतो. उद्याच्या जागी आज करतो. दोन मिनिटांचं काम आहे.'

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला खरंच वाटत होतं की चूक शब्दाची आहे.

'तू दुरुस्त नोको करू,' मी म्हटलं. 'काढ.'

श्रीहरीभाऊ उठून आले. लोकांच्या समोर मोठेपणा जपावा लागतो, तो त्यांना येतो. आवाज खाली घेऊन म्हणाले, 'रिनाताई, तुम्ही चांगलं लिहिता हो. कबूल. दिवाळीला आम्हाला लिहून देत जा ना. तुमचं नाव टाकू खाली, बारीक. दोन्हीकडून फायदा.'

'काय लिहू?'

'हेच. असंच काहीतरी. मनाला लागेल असं.'

'तुमच्या ट्रॅक्टरचं नाव काय?'

'नाव म्हणजे? कंपनीचं?'

'कंपनीचं नाई. दावणीतून सोडताना तुम्ही त्याले काय म्हणता?'

 कोणीतरी मागून म्हणालं, 'हप्ता म्हनते,' आणि पुन्हा हशा.

'नाव नाई त्याले आवतन कसं देऊ भाऊ,' मी म्हटलं. 'अन् ज्याचं नाव होतं ते तुम्ही विचारलं नाई.'

तेवढ्यात मागून लहानूभाऊंचा आवाज आला. पोळ्याच्या मैदानात झडत्या म्हणतात. जोडलेल्या ओळी, टोमण्याच्या, ज्याला मारायच्या त्याचं नाव न घेता. म्हणणारा तोरणाखाली उभा राहून म्हणतो आणि ज्याला लागायची त्याला लागते. लहानूभाऊंना मी आजवर झडती म्हणताना ऐकलं नव्हतं. ते घसा खाकरून उभे राहिले, एक हात बाज्याच्या पाठीवर, दुसरा त्या मोकळ्या जागेवर.

'चाक रे चाक, रबराचं चाक,
माह्या मेल्या बैलाच्या नावानं देते हाक.
आज देते आवतन, उद्या वाढते ताट,
मुक्या जनावराले दाखोते एजन्सीची वाट.'

मग नेहमीचं नमन झालं, महादेवाचा गजर झाला. मी गजरात नसते, उभी राहते. पण या वेळी तो ऐकायला बरा वाटला. बैल बिचकले, एक जोडी रांग सोडून गेली आणि जाता जाता फ्लेक्सच्या एका बांबूला भिडली. फ्लेक्स तिरका झाला. वाघ आडवा. कोणी सरळ करायला गेलं नाही. प्रफुलही नाही.

श्रीहरीभाऊंनी माफी मागितली असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. ते खुर्चीवर जाऊन बसले, हार काढून मांडीवर ठेवला, आणि फोन बघू लागले. माझा फोन वाजला. ॲडमिनने तुम्हाला या ग्रुपमधून काढलं आहे. मैदानात समोर बसून, चार हातांवरून, त्या माणसाने मला काढलं. मी फोन खिशात ठेवला. त्या पांढऱ्या बैलापासून तरी सुटले.

पोरं तोरण तोडायला धावायच्या बेतात होती. दादाजींनी हात वर केला. 'थांबा. लहानूची जोडी राह्यली आहे.'

'जोडी कुठी आहे?' कोणीतरी म्हणालं.

दादाजींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरकला.

लहानूभाऊ बाज्याला घेऊन तोरणाखाली आले. माझ्यासमोर थांबले. रुखमाबाई कडेच्या बायांतून पुढे आल्या, हातात पुरणपोळीचं ताट. लहानूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मुठीकडे.

'बोलन तुले नंतर,' म्हणाले. 'सकाळी जे बोललो ते बोललो.'

'बोला ना भाऊ.'

'आण वेसण.'

मी दिली. मुठीत धरून धरून घामाने ओली झाली होती. बाज्याने आधी ती हुंगली. मग चाटली, एकदा, दोनदा. हा बैल कधी सूत चाटत नव्हता, ती सवय दुसऱ्याची. लहानूभाऊंचा हात थांबला. रुखमाबाईंनी तोंड फिरवलं.

मग त्यांनी जुनी सोडली आणि नवी ओवली. बाज्याने मान हलवली नाही.

'अन् ते दुसरी,' रुखमाबाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, पोळी मोडत, 'खुंटीवरच राहू दे. अन् फोटो नोको काढू आता.'